युक्ती फसली आणि प्रमेय सापडले

अलोंझो चर्च यांनी 1932 मध्ये गणिताचा नवा पाया म्हणून एक तर्कपद्धती प्रसिद्ध केली आणि तिचा निकाल त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी लावला. प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांच्या हाताखाली काम करणारे स्टीफन क्लेनी आणि जॉन बार्कली रॉसर यांनी दाखवून दिले की या पद्धतीत खरेखोटे कोणतेही विधान सिद्ध करता येते. पाया म्हणून ती कामातून गेली. तिच्यातला एक छोटा भाग मात्र शाबूत राहिला. त्यात फक्त फलने होती आणि फलनांना फलने पुरवण्याचे दोन-चार नियम होते. हाच पुढे लॅम्डा कॅल्क्युलस म्हणून नावारूपाला आला.

या तुटपुंज्या सामग्रीतून किती अंकगणित उभे राहते हे पाहण्याचे काम चर्च यांनी क्लेनींकडे सोपवले होते. संख्यासुद्धा फलन म्हणूनच मांडायची होती. बेरीज आणि गुणाकार सहज जमले, पण संख्येतून एक वजा करणे काही केल्या जमेना. हे होणारच नाही, अशी चर्च यांची जवळजवळ खात्री पटली होती. क्लेनी दंतवैद्याकडे अक्कलदाढा काढायला गेले आणि तिथेच त्यांना उत्तर सुचले. एक वजा करता आले आणि मग धरणच फुटले. हाताने मोजता येण्यासारखे जे जे फलन ते घेत, ते ते या पद्धतीत बसू लागले.

इथून चर्च यांनी मोठी उडी घेतली. ठरलेल्या नियमांनी, यांत्रिकपणे जे काही मोजता येते ते सगळेच्या सगळे लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये मांडता येते, असा दावा त्यांनी केला. हीच ती चर्च थीसिस. क्लेनींना हे एकदम पटले नाही. ते दावा खोटा पाडायला बसले आणि त्यासाठी लागणारे हत्यार त्यांच्याकडे तयार होते.

कर्णाची युक्ती

हे हत्यार गेऑर्ग कँटर यांनी 1891 मध्ये दिले होते. क्लेनींच्या काळात संगणक नव्हते, पण सोयीसाठी आपण आजचा शब्द वापरू आणि मोजणीच्या प्रत्येक कृतीला प्रोग्राम म्हणू. सगळे प्रोग्राम ओळीने लावा आणि त्यांना 0, 1, 2 असे क्रमांक द्या. एक मोठा तक्ता करा. प्रत्येक आडव्या ओळीत एक प्रोग्राम, प्रत्येक उभ्या रकान्यात एक इनपुट आणि प्रत्येक चौकटीत त्या प्रोग्रामने त्या इनपुटला दिलेले उत्तर. आता वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरके खाली या. या कर्णावर 0 क्रमांकाच्या प्रोग्रामचे 0 ला दिलेले उत्तर आहे, 1 क्रमांकाच्या प्रोग्रामचे 1 ला दिलेले उत्तर आहे, आणि असेच पुढे. कर्णावरच्या प्रत्येक उत्तरात एक मिळवा. तयार झालेली नवी ओळ तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपेक्षा किमान एका चौकटीत वेगळी आहे. म्हणजे ती तक्त्यात नाही.

युक्ती अशी की ही नवी ओळसुद्धा यांत्रिकपणेच मोजता येते. इनपुट घ्या, त्या क्रमांकाचा प्रोग्राम शोधा, त्याला त्याचाच क्रमांक इनपुट म्हणून द्या आणि उत्तरात एक मिळवा. मोजता तर येते, पण यादीत नाही. चर्च यांची थीसिस संपली असे वाटावे इतके हे सरळ होते.

क्लेनींना लवकरच यातली अडचण दिसली. काही प्रोग्राम काही इनपुटांवर कधी थांबतच नाहीत, म्हणजे तक्त्यातल्या काही चौकटी रिकाम्या आहेत. कर्णावरून तयार केलेल्या नव्या प्रोग्रामला क्रमांक आहेच असे समजा. तो ‘द’ म्हणू. त्याला ‘द’ हेच इनपुट दिले की त्याचे उत्तर स्वतःच्या उत्तरापेक्षा एकाने जास्त असायला हवे. कोणत्याही संख्येला हे शक्य नाही, पण एक वाट मोकळी आहे. ‘द’ या इनपुटवर तो थांबतच नाही, चौकट रिकामी राहते, आणि रिकाम्या चौकटीत एक मिळवला तरी ती रिकामीच. विरोधाभास विरघळून जातो. न थांबणारे प्रोग्राम आधीच वगळायचे म्हटले तर कोण थांबेल आणि कोण नाही हे यांत्रिकपणे ठरवता यायला हवे, आणि तेच येत नाही. क्लेनींनी पुढे सांगितले की आपण रातोरात चर्च थीसिसचे पुरस्कर्ते झालो.

बहुतेकांनी इथे हत्यार खाली ठेवून पुढचा रस्ता धरला असता. पण या फसण्यात आणखी काहीतरी होते. कर्ण ज्या जागी फसतो, त्या ‘द’ च्या चौकटीत एक प्रोग्राम स्वतःच्याच क्रमांकावर काम करत बसलेला असतो. ‘एक मिळवा’ या जागी दुसरा कोणताही यांत्रिक बदल घाला, तरी ती चौकट हटत नाही. यादीबाहेर पडायचा प्रत्येक प्रयत्न कुठेतरी स्वतःवरच येऊन आदळतो. जेम्स ओविंग्ज यांनी 1973 मध्ये नेमके हेच दाखवले: क्लेनींचे रिकर्शन प्रमेय म्हणजे फसलेला कर्ण.

वर्णनात वर्णन, त्याच्यात वर्णन

प्रमेय काय म्हणते ते आधी साध्या शब्दांत पाहू. कोणताही प्रोग्राम लिहिताना तुम्ही त्यात बिनदिक्कत अशी पायरी घालू शकता: ‘आता स्वतःचा संपूर्ण मजकूर मिळव आणि त्यावर पुढचे काम कर.’ ही पायरी खरोखर पार पाडता येईल, याची हमी प्रमेय देते. बाहेरून कोणी मजकूर पुरवायला नको आणि डिस्कवरची फाइल उघडायलाही नको. प्रोग्राम आपले वर्णन आपल्या आतूनच तयार करतो.

पहिल्यांदा ऐकताना हे अशक्य वाटते. प्रोग्रामच्या आत त्याचे वर्णन ठेवायचे, तर त्या वर्णनात ठेवलेल्या वर्णनाचेही वर्णन हवे, आणि त्याच्या आतले आणखी एक. ही साखळी कधी संपत नाही. शिवाय वर्णन हा प्रोग्रामचा एक भाग, मग भाग पूर्णाएवढा कसा होईल?

सुटकेची वाट एका मराठी वाक्यात दाखवता येते. कागद-पेन घेऊन पुढची आज्ञा जशीच्या तशी पाळा:

यापुढे अवतरणात जे आहे ते आधी साधे लिहा, मग अवतरणात लिहा: “यापुढे अवतरणात जे आहे ते आधी साधे लिहा, मग अवतरणात लिहा:”

आज्ञा पाळून झाल्यावर कागदावर काय उमटले ते पाहा. तीच आज्ञा, अक्षर न् अक्षर. या वाक्यात कुठेही संपूर्ण वाक्य साठवलेले नाही, फक्त अर्धे साठवलेले आहे. दुसरे अर्धे, म्हणजे अवतरणचिन्हांसकट उरलेला भाग, आज्ञा पाळताना तयार होतो. सगळी करामत एवढीच की साठवलेला मजकूर दोनदा वापरला जातो. एकदा आज्ञा म्हणून आणि एकदा नुसता माल म्हणून.

हेच पायथॉन भाषेत दोन ओळींत असे होते:

```
s = 's = %r\nprint(s %% s)'
print(s % s)
```

पहिली ओळ `s` या नावाखाली एक मजकूर ठेवते. त्यात `%r` ही रिकामी जागा आहे. दुसरी ओळ त्या रिकाम्या जागेत तोच मजकूर भरते आणि छापते. मजकुरातल्या `%%` चे भरताना एकच `%` उरते आणि `\n` ने ओळ बदलते. चालवून पाहिले तर पडद्यावर नेमक्या याच दोन ओळी येतात.

नवख्या माणसाचा घोटाळा होतो तो अवतरणचिन्हांवर. `%r` ऐवजी `%s` लिहिले तर मजकूर भरला जातो, पण त्याच्याभोवतीची अवतरणचिन्हे येत नाहीत आणि आतला `\n` ही खूण न राहता खरोखरच ओळ तोडतो. दोनऐवजी तीन ओळी छापल्या जातात आणि पहिली असते `s = s = %s`. हा पायथॉनचा प्रोग्रामच नव्हे. मजकूर ‘माल’ म्हणून वापरताना तो माल आहे ही खूणही सोबत छापावी लागते, आणि `%r` ते काम करते. परीक्षाही सोपी आहे: छापलेले फाइलमध्ये घ्या आणि `diff` लावून मूळ फाइलशी ताडून पाहा. एक जागा जरी सुटली असली तरी ती दाखवेल.

पण नुसते छापणे हा खेळ झाला. प्रमेय त्याहून पुढचे बोलते: मजकूर हाती आला की त्याचे काहीही करता येते. उदाहरणार्थ, हा प्रोग्राम स्वतःची लांबी सांगतो:

```
s = 's = %r\nt = s %% s\nprint(len(t))'
t = s % s
print(len(t))
```

दुसऱ्या ओळीनंतर `t` मध्ये या तीन ओळींचा संपूर्ण मजकूर आलेला असतो. तिसरी ओळ त्याची अक्षरे मोजते आणि उत्तर येते 63. हाताने पडताळा घ्या. पहिल्या ओळीत 39 अक्षरे आहेत, दुसरीत 9, तिसरीत 13, आणि मधल्या दोन ओळबदलांची 2. प्रोग्राममध्ये 63 हा आकडा कुठेच लिहिलेला नाही. शेवटच्या ओळीत `len` च्या जागी दुसरे कोणतेही काम घाला आणि तसाच बदल `s` मध्येही करा, म्हणजे ते काम प्रोग्रामच्या स्वतःच्याच मजकुरावर होईल.

1938 ची सिद्धता

क्लेनींना 1934 मध्ये पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षीच्या वसंतात कुर्ट गडेल यांनी प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये व्याख्याने दिली आणि त्यांची टिपणे क्लेनी व रॉसर यांनीच काढली. गडेल यांनी 1931 मध्ये अंकगणितातले एक विधान स्वतःबद्दल बोलते केले होते. विधानांना क्रमांक द्यायचे आणि मग क्रमांकांबद्दल बोलत बोलत विधानांबद्दल बोलायचे, ही त्यांची रीत. क्लेनींनी तीच रीत प्रोग्रामना लावली. 1935 मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि 1938 मध्ये ‘जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’मध्ये त्यांचा अनंतापलीकडच्या क्रमसूचक संख्यांना नावे कशी द्यावीत याविषयीचा लेख आला. रिकर्शन प्रमेय या लेखात जाता जाता येते आणि त्याची सिद्धता काही ओळींत आटोपते.

ती इथे पूर्ण देता येईल. एक काम घ्या, त्याला ‘क’ म्हणू. ‘क’ ला दोन गोष्टी लागतात: एखाद्या प्रोग्रामचा मजकूर आणि एक इनपुट. आपल्याला असा प्रोग्राम ‘प’ हवा आहे की त्याला इनपुट दिले की तो ‘क’ ला स्वतःचाच मजकूर आणि ते इनपुट देऊन जे होईल ते करेल.

त्यासाठी एक साधी यांत्रिक क्रिया लागते. तिला ‘भर’ म्हणू. भर(य) म्हणजे एका नव्या प्रोग्रामचा मजकूर. या नव्या प्रोग्रामच्या पोटात ‘य’ हा मजकूर ठेवलेला असतो आणि इनपुट आले की तो ‘य’ ला प्रोग्राम म्हणून चालवतो. त्या वेळी ‘य’ ला पहिली गोष्ट म्हणून ‘य’ चाच मजकूर मिळतो आणि दुसरी म्हणून आलेले इनपुट. दोन इनपुटांच्या प्रोग्राममध्ये पहिले इनपुट कायमचे लिहून टाकायचे, एवढेच हे काम आहे. ते कोणताही संपादक हाताने करू शकेल आणि प्रोग्रामही करू शकेल.

आता ‘व’ हा प्रोग्राम लिहा. तो एक मजकूर ‘य’ आणि एक इनपुट घेतो, भर(य) तयार करतो आणि तो मजकूर व इनपुट ‘क’ कडे सोपवतो. शेवटी ‘व’ लाच भरा आणि भर(व) ला ‘प’ म्हणा. बस्स, हाच हवा असलेला प्रोग्राम. ‘प’ ला इनपुट दिले की काय होते ते पाहा. तो ‘व’ ला चालवतो आणि त्याच्या हाती ‘व’ चा मजकूर देतो. ‘व’ त्यापासून भर(व) तयार करतो. पण भर(व) म्हणजेच ‘प’. म्हणजे ‘क’ च्या हाती ‘प’ चा मजकूर पडला.

पायथॉनच्या दोन ओळींशी हे जुळवून पाहिले की धागा उघड होतो. `s` हा मजकूर म्हणजे ‘व’ आणि `s % s` म्हणजे भर(व). मजकुराच्या रिकाम्या जागेत तोच मजकूर ठेवणे ही कर्णावरची चौकट आहे: ‘य’ क्रमांकाच्या प्रोग्रामला ‘य’ हेच इनपुट. ज्या चौकटीने क्लेनींचा हल्ला परतवला, त्याच चौकटीतून प्रोग्रामला स्वतःचे वर्णन मिळाले.

क्लेनींना हे खेळ म्हणून नको होते. क्रमसूचक संख्यांच्या त्यांच्या पद्धतीत, ज्या संख्येखाली अनंत संख्यांची रांग आहे तिचे नाव म्हणजे त्या रांगेतली नावे एकेक करून देणारा प्रोग्राम. अशा दोन संख्यांची बेरीज करायची तर बेरजेच्या प्रोग्रामला एक नवा प्रोग्राम लिहून द्यावा लागतो, आणि त्या नव्या प्रोग्राममध्ये बेरजेच्या प्रोग्रामचाच क्रमांक घालावा लागतो. बेरजेचा प्रोग्राम तर अजून लिहून पुरा व्हायचा आहे, मग त्याचा क्रमांक आणायचा कुठून? प्रमेय म्हणते, क्रमांक मिळालाच आहे असे धरून लिहा, बाकी मी बघतो.

फॉन नॉयमन यांची दुहेरी टेप

सप्टेंबर 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे हिक्सन परिसंवाद भरला. जॉन फॉन नॉयमन तिथे स्वयंचलित यंत्रांवर बोलले. त्यांचा प्रश्न जीवशास्त्राच्या कडेने आलेला होता: एखादे यंत्र स्वतःएवढेच गुंतागुंतीचे दुसरे यंत्र बनवू शकेल का? यंत्र जे बनवते ते त्याच्याहून साधे असते, असा रोजचा अनुभव. सजीवांचा अनुभव मात्र उलटा.

त्यांनी मांडलेली रचना अशी होती. पहिले यंत्र बांधणारे: टेपवर कोणत्याही यंत्राचे वर्णन द्या, ते तसे यंत्र उभे करते. दुसरे नक्कल करणारे: ते टेपवर काय लिहिले आहे याचा अर्थ लावत नाही, फक्त दुसरी टेप तशीच उतरवते. तिसरे नियंत्रक: ते पहिल्याकडून यंत्र बांधून घेते, दुसऱ्याकडून टेपची नक्कल करून घेते, नक्कल नव्या यंत्रात बसवते आणि ते सोडून देते. आता या तिघांच्या जोडणीचे वर्णन टेपवर लिहा आणि तीच टेप या जोडणीत घाला. बाहेर पडते ते टेपसकट हुबेहूब तेच यंत्र.

इथेही वर्णनात वर्णन ठेवलेले नाही. टेपवर फक्त तीन यंत्रांचे वर्णन आहे, टेपचे नाही. टेप दोनदा वापरली जाते: बांधताना आज्ञा म्हणून वाचली जाते आणि नक्कल करताना न वाचता उतरवली जाते. बरोबर तेच दोन वापर, जे आपल्या मराठी वाक्यात होते. डीएनएची दुहेरी रचना 1953 मध्ये उलगडली आणि पुढे पेशीतही हेच दोन वापर वेगवेगळे दिसले. प्रथिने बनवताना डीएनएतला मजकूर वाचला जातो आणि पेशी दुभंगण्याआधी त्याची नुसती प्रत काढली जाते. फॉन नॉयमन यांनी नंतर हे यंत्र चौकटींच्या अमर्याद पटावर, प्रत्येक चौकटीला 29 अवस्था देऊन, तपशिलात बांधायला घेतले. ते काम अपुरे असतानाच 1957 मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि आर्थर बर्क्स यांनी पूर्ण केलेले पुस्तक 1966 मध्ये निघाले.

दरम्यान ट्युरिंग यंत्रांवर काम करणाऱ्यांनी प्रमेय प्रत्यक्ष उतरवून पाहिले. स्वतःचे वर्णन टेपवर छापणारी ट्युरिंग यंत्रे सी. वाय. ली आणि जेम्स थॅचर यांनी स्वतंत्रपणे दिली. दोघांचेही लेख 1963 मध्ये एकाच परिसंवादाच्या संग्रहात छापले गेले. एडिंबरा विद्यापीठात हेमिश ड्यूअर यांनी ॲटलस ऑटोकोड या भाषेत असा प्रोग्राम लिहिला होता. पॉल ब्रॅटली आणि जाँ मियो यांनी 1972 मध्ये ‘सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स’ या नियतकालिकात या विषयावर लिहिले आणि मग प्रोग्रामरांना हे वेडच लागले. तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन यांच्या नावावरून अशा प्रोग्रामला ‘क्वाइन’ म्हणायची पद्धत डग्लस हॉफ्स्टॅटर यांच्या 1979 च्या ‘गडेल, एशर, बाख’ या पुस्तकापासून पडली.

कंपायलरमधला पाहुणा

केन थॉम्प्सन यांना 1983 चे ट्युरिंग पारितोषिक युनिक्ससाठी मिळाले, पण भाषणात त्यांनी युनिक्सचे कौतुक केले नाही. त्यांनी सुरुवात केली ती स्वतःला छापणाऱ्या प्रोग्रामपासून, आणि दोन पायऱ्यांनंतर ते जिथे पोचले तिथे श्रोत्यांना घाम फुटला असेल.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. सी भाषेचा कंपायलर सी भाषेतच लिहिलेला असतो, म्हणजे नवा कंपायलर जुन्या कंपायलरकडून तयार करून घेतला जातो. थॉम्प्सन यांनी त्यात दोन भर घातल्या. पहिली: `login` चा मजकूर दिसला की त्यात गुपचूप एक चोरवाट घालायची, ज्यामुळे एका ठरावीक पासवर्डवर कोणाच्याही नावाने आत जाता येईल. ही मजकुरात राहिली तर कोणीतरी वाचेल आणि पकडेल. म्हणून दुसरी: कंपायलरचाच मजकूर दिसला की त्यात या दोन्ही भर परत घालायच्या. असा कंपायलर एकदा तयार करून घेतला की मजकुरातून दोन्ही भर पुसून टाकायच्या. त्यानंतर स्वच्छ मजकूर दिला तरी त्यातून निघणारा प्रत्येक नवा कंपायलर बाधितच निघतो.

दुसरी भर म्हणजे क्लेनींचे प्रमेय कामाला लावलेले. ती स्वतःला पुन्हा लिहू शकते ते तिच्याजवळ स्वतःचा मजकूर असल्यामुळेच. म्हणून थॉम्प्सन यांचा निष्कर्ष असा होता की मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी तो ज्याने रूपांतरित केला त्यावर विश्वास ठेवावाच लागतो.

तरीही हे पकडायचा उपाय निघाला. डेव्हिड व्हीलर यांनी 2005 मध्ये मांडलेली कृती अशी: संशयित कंपायलरचा मजकूर दुसऱ्याच एखाद्या, वेगळ्या लोकांनी बनवलेल्या कंपायलरकडून तयार करून घ्या. निघालेल्या कंपायलरकडून तोच मजकूर पुन्हा एकदा तयार करून घ्या. मग हाती आलेली फाइल आणि संशयित कंपायलरने त्याच मजकुरापासून तयार केलेली फाइल बिट न् बिट जुळवा. मजकूर स्वच्छ असेल आणि एकाच मजकुरातून दर वेळी तीच फाइल निघत असेल, तर दोन्ही सारख्या यायला हव्यात. फरक पडला तर कुठेतरी पाहुणा लपलेला आहे. चोरवाटेला आपला मजकूर पुन्हा लिहिता येतो तो तिची आज्ञा पाळणाऱ्या यंत्रातच, आणि दुसऱ्या कंपायलरमध्ये ती मुळी नाहीच.

हमी कशाची आणि कशाची नाही

प्रमेयाची ताकद सांगताना त्याची मर्यादा अनेकदा विसरली जाते. समजा, मी असा प्रोग्राम मागितला की जो स्वतःला चालवून स्वतःच्या उत्तरात एक मिळवून ते उत्तर देईल. प्रमेय नकार देत नाही, प्रोग्राम हजर करते. तो चालवला की स्वतःला चालवायला घेतो, ते चालणारे पुन्हा स्वतःला, आणि हे कधी संपत नाही. ‘द’ ची तीच रिकामी चौकट. प्रोग्राम असेल याची हमी आहे, तो थांबेल याची नाही.

दुसरी मर्यादा क्लेनींच्या प्रमेयाच्या त्या रूपात दिसते जे हार्टली रॉजर्स यांनी आपल्या 1967 च्या पुस्तकात मांडले. प्रोग्रामांचे मजकूर बदलणारी कोणतीही यांत्रिक रीत घ्या, तिच्यापुढे एक तरी प्रोग्राम असा असतो की बदलाआधी आणि बदलानंतर तो सारखाच वागतो. वागणे सारखे, मजकूर नव्हे. प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी एक टिप्पणी चिकटवणारी रीत घेतली तर कोणाचाच मजकूर तसाच राहत नाही, पण वागणे कोणाचेच बदलत नाही.

आणि तिसरी सर्वांत खोल. समजा, कोणी असा तपासनीस प्रोग्राम बनवला की तो कोणत्याही प्रोग्रामचा मजकूर पाहून तो थांबेल की नाही हे अचूक सांगतो. आता हा प्रोग्राम लिहा: स्वतःचा मजकूर मिळव, तो तपासनिसाला दाखव, तो ‘थांबेल’ म्हणाला तर कायम फिरत राहा आणि ‘नाही थांबणार’ म्हणाला तर लगेच थांब. तपासनीस काहीही म्हणो, चुकणारच. ट्युरिंग यांनी 1936 मध्ये या प्रश्नाची जी अशक्यता दाखवली, ती रिकर्शन प्रमेयाच्या हातून अशी चार ओळींत येते. यंत्राला आपला मजकूर फुकटात मिळतो. त्या मजकुरातून आपण पुढे काय करणार हे मात्र त्याला दर वेळी आधी कळेलच असे नाही, आणि त्याचे कारण नेमके हेच की मजकूर त्याला मिळतो.